मुदत संपलेला कागद

माझ्या मायचा फोटो नाही. आमच्या घरात त्या काळी फोटो काढायची ऐपत नव्हती आणि तशी चालही नव्हती. ती गेली तेव्हा मी चार-साडेचार वर्षांची होते. तिचा चेहरा मला आठवत नाही, आवाज तर नाहीच. कोणी विचारलं की मी 'थोडं थोडं आठवतं' म्हणून मोकळी होते, कारण 'काहीच नाही' म्हटलं की लोक कीव करायला लागतात आणि मला कीव सोसत नाही.

तिला क्षय झाला होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती काही महिने होती आणि तिथेच गेली. पुढच्या वर्षी बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, घरातले देव गेले, मला शाळेत घातलं गेलं. आमच्या घरात जे जे नवं झालं ते सगळं तिच्यामागे झालं, याचं मला लहानपणापासून वाईट वाटायचं. तिनं हे पाहायला हवं होतं.

मॅट्रिक होऊन, टायपिंगची परीक्षा देऊन मी नोकरीला लागले ती नेमकी त्याच दवाखान्यात, कनिष्ठ कारकून म्हणून. बाबांना आनंद झाला तो पगाराचा. मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सुचत होती, की इथल्या कुठल्यातरी खोलीत माझ्या मायचा कागद असेल.

खोली होती. बायकांच्या वॉर्डाच्या मागे, लांब आणि अंधारी. रुग्णांचे कागद वर्षावर्षाचे गठ्ठे करून रुमालात बांधून ठेवायचे, असा नियम. प्रत्यक्षात रुमाल फाटलेले, सुतळ्या सुटलेल्या, सन साठ आणि सन सत्तर एकमेकांच्या मांडीवर बसलेले. कचेरीच्या भिंतीवर एक छापील तक्ता टांगलेला होता. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा ते त्यात चार वर्गांत मांडलेलं. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं, 'ड' एक वर्ष. जन्म-मृत्यूच्या नोंदी कायमच्या. भरती झालेल्या रुग्णांचे कागद आमच्याकडे 'क'मध्ये होते, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर दहा वर्षं. पोलीस केस असेल तर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही. मुदत संपलेले कागद दरवर्षी निवडून काढायचे. त्या कामाला सरकारी भाषेत निंदणीकरण म्हणतात. आमच्या बाया दर पावसाळ्यात शेतं निंदतात, पण या खोलीत कोणी बसलं नव्हतं.

मोठे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. मी एकदा त्यांना विचारलं, "हे मुदतीबाहेरचं काढायचं नाही का?"

"असू दे ना बाप्पा," ते म्हणाले. "कागद काय भाकर खाऊन राह्यला? काढला अन् उद्या कोनी मांगतला तर जवाब तू देशीन काय?"

ते मुळात वाईट नव्हते. ठेवण्यात धोका नाही आणि काढण्यात आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्या काळी सगळ्याच कचेऱ्यांत तसं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं. काढलं असतं तर माझ्या मायचा कागद केव्हाच गेला असता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्या खोलीत जायची आणि गठ्ठे चाळायची. वर्ष मला माहीत होतं, पण ते वर्ष कुठे गाडलं गेलंय ते कोणालाच माहीत नव्हतं. गठ्ठ्यांचा तो ढीग इतका माजला होता की एकदा कोर्टानं मारामारीच्या केसचे कागद मागवले, ते ठेवणं भागच होतं, आणि तेच सापडले नाहीत. डॉक्टरसाहेबांना कोर्टात जाऊन खाली मान घालून यावं लागलं. नको ते सगळं होतं, हवं ते नव्हतं.

मग ते पुडीचं प्रकरण झालं.

झालं असं की दवाखान्यातल्या कोणीतरी जुने कोरे फॉर्म रद्दीत घातले आणि त्यांच्याबरोबर त्या खोलीतले एक-दोन गठ्ठेही गेले. कोणी घातले ते शेवटपर्यंत ठरलं नाही. रद्दी गेली बाजारात, एका किराणावाल्याकडे. त्यानं पानं फाडून पुड्या बांधल्या. मेडशीकडच्या एका घरात अशीच फुटाण्यांची पुडी गेली, फुटाणे संपल्यावर शिकल्यासवरल्या कोणीतरी कागद उलगडून वाचला. त्यावर त्याच गावच्या एका मुलीचं नाव, तिच्या बापाचं नाव, वय आठ वर्षं, आणि आजाराच्या ठिकाणी 'झटके' असं लिहिलेलं. ती मुलगी आता लग्नाची झाली होती. धनजकडचं स्थळ ठरलं होतं, सुपारी फुटली होती. कागद गावभर फिरला आणि आठवड्याभरात धनजहून निरोप आला की आम्हाला हे जमत नाही.

तिचा बाप दवाखान्यात आला तेव्हा मी टेबलावरच होते. थोडीफार शेती असलेला, उन्हानं रापलेला माणूस. ओरडला नाही. डॉक्टरसाहेबांसमोर त्यानं तो चुरगळलेला कागद सरळ करून ठेवला.

"पोरीले तापात झटके आले होते साहेब. त्याच्यानंतर एकबी नाही आला. बारा वर्सं झाली."

"माझ्या लक्षात आलं," डॉक्टरसाहेब म्हणाले. ते घाटावरचे, सौम्य बोलणारे. "हे व्हायला नको होतं."

"मंग मले एवढंच सांगा. बारा वर्सं या कागदाचं तुमाले काय काम होतं?"

डॉक्टरसाहेबांनी मोठ्या बाबूंकडे पाहिलं. मोठे बाबू भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. दहा वर्षांची मुदत केव्हाच टळली होती. कागद वेळेवर जाळला असता तर कोणाच्या हाताला लागलाच नसता. कुलूप तुटतं, माणसं चुकतात, पण जे नाहीच ते कोण विकणार? आम्ही मात्र ते जपलं होतं, काही कारण नसताना.  त्या बापाचा तो प्रश्न मला आजही ऐकू येतो, विशेषतः आताच्या दिवसांत, जेव्हा कार्यालयातली तरुण मुलं सांगतात की संगणकात जागाच लागत नाही, मग पुसायचं कशाला.

जिल्ह्याहून खुलासा मागवला गेला, मग हुकूम आला, की खोली साफ करा. काम अंगावर घ्यायला कोणी तयार नव्हतं. मी म्हटलं, मी करते. सगळ्यांना वाटलं पोरगी फार कामसू आहे.

महिनाभर मी आणि एक शिपाई धुळीत बसलो. आधी पोलीस केसचे कागद वेगळे काढले, मग ज्यावर लेखापरीक्षणाची हरकत होती ते. कायमच्या नोंदवह्या कपाटात गेल्या. दहा वर्षांच्या आतले गठ्ठे नवीन रुमालात. उरले त्यांची यादी केली. यादीत आजार, नाव काही नाही, फक्त वर्ष, वर्ग आणि गठ्ठ्याचा क्रमांक, कारण नष्ट केलेल्या कागदाची यादी तर कायमची राहते, आणि नावं त्यात ठेवली तर मग जाळलं तरी काय. हे डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. कोर्टाला हवे होते ते मारामारीचे कागदही या कामात सापडले.

आणि माय सापडली.

जाड, पिवळट पान, कोपरे उंदरांनी खाल्लेले. वर तिचं नाव. वय चोवीस. मीही तेव्हा चोवीसचीच होते, आणि मला ते सहन होईना, की ती माझ्याएवढी होती. जातीच्या रकान्यात तो जुना शब्द, जो बाबांनी आमच्या घराबाहेर टाकला होता. वजन, ताप, इंजेक्शनं. खाली रात्रपाळीच्या नर्सनं मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या मी किती वेळा वाचल्या सांगता येत नाही. शिपाई चहा घेऊन आला तेव्हा मी कागद पोटाशी धरून बसले होते.

मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "नियमानं कोणाचाच कागद बाहेर जात नाही," ते म्हणाले, आणि थांबून, "पण जाळायच्या दिवशी खड्ड्याशी मी तुझ्याकडे बघणार नाही."

जाळायचा दिवस आला. स्वयंपाकघरामागे खड्डा खणला होता. रद्दीत द्यायचं नाही, डोळ्यांदेखत जाळायचं असं ठरलं होतं. मेडशीकडचा तो बापही आला होता. डॉक्टरसाहेबांनीच त्याला बोलावलं होतं, त्याच्या लेकीची उरलेली पानं त्यानं स्वतःच्या हातानं टाकावीत म्हणून. त्यानं ती टाकली. मग शिपाई गठ्ठे टाकत राहिला आणि डॉक्टरसाहेब कबूल केल्याप्रमाणे पेरूच्या झाडाकडे बघत उभे राहिले.

माझ्या हातात एकच पान उरलं. त्या माणसानं ते पाहिलं.

"कोनाचा हाये?"

"माह्या मायचा."

"जिती हाये का ते?"

"नाही. मी लहान होती तवाच गेली."

 तो हळूच म्हणाला, "तू ठेव बाई. मी काही कोनाले सांगत नाही. मायचा कागद कोनी जाळत असते काय?"

मला ठेवायचा होता. आयुष्यात मला इतकं काही ठेवावंसं कधी वाटलेलं नाही. पण नर्सनं लिहिलेल्या त्या दोन ओळी मला पाठ झाल्या होत्या. रुग्ण झोपत नाही, असं लिहिलं होतं, आणि पुढे मायचे शब्द जसेच्या तसे: 'बाई, माह्यं नाव नका लिहू कुठी. पोरगी मोठी होईन, तिच्या लग्नात हे आडवं येईन.' तिनं कळकळीनं सांगितलं, आणि त्या बाईनं तिच्याच नावाच्या कागदावर ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, आणि आम्ही ते वीस वर्षं जपलं. तिचं म्हणून जगात एवढंच बोलणं उरलं होतं, आणि त्यात ती हा कागद नको म्हणत होती.

मी पान आत टाकलं. जुना कागद लवकर जळतो.

"काय लिवलं होतं त्याच्यात?" त्या माणसानं विचारलं.

"माह्या लग्नाचं," मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं.