टाके दाखव

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षर ओळ सोडून खाली जातं. चौथीनंतर हातात पेन्सिल धरली नाही. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवते.

माझी पहिली मुलगी महिन्याची झाली तेव्हा रडताना तिची बेंबी बाहेर येऊ लागली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. रडून चेहरा लाल झाला की बेंबी टरटरून फुगायची आणि झोपली की आपोआप आत जायची. सासूबाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आतडं बाहेर याया लागलंय. आता हिला रडू द्यायचं न्हाई. रडली की फुटंल."

त्या दिवसापासून आमच्या खोलीत तोच कायदा झाला. मूल रडलं की मार मला. नवरा चादरीच्या कारखान्यात माग चालवायचा. पाळी करून यायचा, तोंडाला दारूचा वास असायचा. मुलगी रडली की पहिली थप्पड मला बसायची. माझं डोकं भिंतीवर आपटलं की ती घाबरून आणखी रडायची, बेंबी आणखी फुगायची, आणि मग दुसरी बसायची.

"गप कर तिला! पोट फुटून मरंल ती!"

मी पदर तोंडात कोंबून मार खायची, कारण माझ्या आवाजानंही ती रडायची.

सासूबाईंनी जुना ढब्बू पैसा फडक्यात गुंडाळून बेंबीवर ठेवला आणि वरून पट्टा इतका आवळला की पोरीला दूध पिताना धाप लागायची. पट्टा सोडायची परवानगी मला नव्हती. एकदा सोडला तर सासूबाईंनी फुंकणी माझ्या पाठीत घातली. पुढं पुढं पट्ट्याखालून घाण वास यायला लागला. तेव्हा सासूबाई बाजारात गेलेल्या पाहून मी पोरीला पदराखाली घेतलं आणि सरकारी दवाखान्यात गेले.

तिथं लहान मुलांच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कात्रीनं पट्टा कापला. नाण्याखालची कातडी सोलून ओली झाली होती. पोरगी किंचाळली, बेंबी टण्णकन वर आली. मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मला वाटलं आता त्याही मारणार.

बाईंनी माझे हात डोक्यावरून खाली घेतले. मग त्यांनी माझा हात धरून बोट त्या फुगीवर ठेवलं.

"हळूच दाबा."

आत काहीतरी गुडगुडलं आणि फुगी गेली. खाली बोटाचं टोक जाईल एवढी गोल फट लागली.

"ही फट जन्मतःच राहिलेली आहे. रडताना पोटात जोर येतो म्हणून आतडं तिथं डोकावतं. रडून फुटत नाही, दुखतही नाही. मूल रडणारच. मोठी होईल तशी फट आपोआप मिटत जाईल."

"आपरेशन?" मी विचारलं.

"आता नाही. बहुतेकांना कधीच लागत नाही. चार-पाच वर्षांची झाली आणि तरी मिटली नाही, तर बघू. पण एक लक्षात ठेवा. फुगी कडक झाली, लाल-काळी पडली, दाबून आत जाईना, पोरगी उलट्या करायला लागली, तर त्याच घडीला घेऊन यायचं. आणि नाणं पुन्हा बांधायचं नाही."

जखमेला मलम दिलं. मी घरी येऊन सगळं सांगितलं. वाटलं, नवऱ्याला बरं वाटेल. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आपरेशन न्हाई? न्हाई कसं? कराया लाव!"

मग कळलं. पोरीचं पोट कापायचं आहे असं सांगून त्यानं कारखान्याच्या मालकाकडून तीनशे रुपये उचलले होते. ते दारूत आणि मटक्याच्या आकड्यात गेले होते. मालकाला संशय आला होता. त्यानं सगळ्या कामगारांसमोर सांगितलं होतं, "पोरीला घेऊन ये. टाके दाखव. न्हाईतर उद्यापासनं मागावर बसू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्यानं उलथनं चुलीत घातलं. मी पोरीला पाजत होते. उलथन्याचं टोक लाल झालं.

"आण तिला. जरा चटका देतो. खूण दिसली म्हंजे झालं."

"आत्याबाई, बघा की हे काय करतात!" मी सासूबाईंना ओरडून म्हणाले.

सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिऊ दे. डाग दिला की बेंबी बसती. माझ्या भावाला दिला हुता." त्यांना ते खरंच औषध वाटत होतं.

त्यानं माझे केस धरून ओढलं. मी पोरीवर पालथी पडले. उलथनं माझ्या दंडावर टेकलं आणि कातडीचा चर्र आवाज झाला. त्यानं लाथ घातली, मी हलले नाही. दुसरी घातली. माझ्या हाताला पाण्याचा तांब्या लागला. भरलेला तांब्या मी त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा ओठ फाटला, नाकातून रक्त आलं. तो नाक धरून खाली बसला आणि मी सासूबाईंना ढकलून अनवाणी बाहेर पडले.

मी कधी परक्या पुरुषाशी बोलले नव्हते. वाणी सामान देताना काही विचारायचा तेव्हासुद्धा मी मान हलवायची. पण त्या दिवशी सरळ कारखान्यात गेले. माग खडखडत होते. मालक तेलुगू होते, मराठी चांगलं बोलायचे. मी काही बोलले ते त्यांना ऐकू गेलं नाही.

"काय? मोठ्यानं बोल की, बाई!"

मी ओरडले. "टाके न्हाईत मालक! कापायची गरजच न्हवती! पैसं ह्यांनी उडवलं!"

जवळचे दोन माग थांबले. आवाजानं पोरगी भेदरून रडायला लागली. मी तिचं झबलं वर केलं. सगळ्यांनी फुगलेली बेंबी पाहिली. एक म्हातारा कामगार "अरे देवा" म्हणाला. मी बोटानं दाबून ती आत घातली, शिकवलं होतं तशी. माझ्या दंडावरचा चटका मालकांना दिसला.

"आणि हे काय?"

"हे पोरीच्या पोटावर द्यायचं हुतं. तुमाला दाखवायला."

मालक म्हणाले, "ते मी म्हटलं नव्हतं." मग म्हणाले, "पण पैसे माझे गेले, त्याचं काय?"

"मी फेडते. सुताच्या कांड्या भरते."

"एवढा आवाज हाय की तुला," ते म्हणाले. "ये उद्यापासनं."

त्या संध्याकाळी नवऱ्यानं मला चामडी पट्ट्यानं मारलं, चार माणसांत त्याचं तोंड काळं केलं म्हणून. पुढंही मारलं. पण पोरीच्या पोटाला पुन्हा हात लावला नाही. लावला असता तर तांब्या माझ्या हाताशीच होता, हे त्याला ठाऊक होतं.

मी पोरीला कापडाच्या झोळीत मागाजवळ ठेवून कांड्यांवर सूत भरायची. ती रडायची, मी रडू द्यायची. रोज बोट लावून बघायची, फुगी मऊ आहे ना, आत जाते ना. ती चालायला लागली तोवर फटीत बोट जाईना, करंगळीचं टोक कसंबसं जायचं. तिसरं सरता सरता एकदा ती खेळताना पडली आणि श्वास कोंडेपर्यंत रडली. मी झबलं वर करून पाहिलं. बेंबी सपाट होती.

मालक दर आठवड्याला माझ्या मजुरीतून थोडे कापून घ्यायचे. आजारपणात काही आठवडे चुकले, नवऱ्यानं मधे पुन्हा थोडे उचलले, तेही माझ्याच नावावर पडले. त्यामुळं बेंबी मिटल्यावरही बरेच दिवस फेडत होते. मग एका शनिवारी मालकांनी पूर्ण मजुरी हातावर ठेवली. मी कापून घ्या म्हणाले.

"काय कापू? सगळे फिटले."

मी पैसे कनवटीला लावले आणि पोरीला घेऊन घरी गेले.