फोटोतला चिमुकला फोटो

फोटो दुपारी आला आणि माझं डोकंच फिरलं. त्याच पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली होती. रात्रपाळीचे कामगार कसेबसे बाहेर पडले. वॉचमन झोपला होता म्हणून गेट उशिरा उघडलं, अशी कुजबुज सकाळपासून चालूच होती. आता तर फोटोच समोर: मागं धूर, गेटाशी बाज, बाजेवर तोंड उघडं टाकून झोपलेला म्हातारा वॉचमन. पाठवणाऱ्यानं स्वतःला ‘जागरूक नागरिक’ म्हणवलं होतं. नाव सांगण्याइतकी जागरूकता मात्र त्याच्याकडं नव्हती.

आमचे संपादकसाहेब खूश झाले, पहिल्या पानावर घ्या म्हणाले. पोलीस संध्याकाळी वॉचमनवर गुन्हा नोंदवणार होते. त्यात आम्ही हा फोटो छापला असता, तर म्हातारा आयुष्यातून उठला असता. आलेले फोटो तपासायचं काम माझं. मी म्हटलं, आधी मूळ फाईल मागवते.

ही आमच्या डेस्कची रीतच. व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, वर कुठल्या फोननं, कधी काढला ही आतली माहितीही गळून जाते. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नागरिकानं मूळ फाईल लगेच पाठवली. माहिती चोख होती. तारीख आजची, वेळ पहाटेची, फोनचं मॉडेलसुद्धा. झालं की समाधान, साहेब म्हणाले. मी कसली ऐकते! ही माहिती बदलता येते, आणि खऱ्या फोटोवर काही चिकटवलं तरी ती जशीच्या तशी राहू शकते, हे मी त्यांना दहादा सांगितलंय.

फोटो मोठा केला. अंधारात काढलेल्या फोटोवर बारीक रवा सांडल्यासारखी कणी दिसते. भिंतीवर ती होती, धुरावर होती, गेटावर होती. बाजेवर आणि माणसावर मात्र सगळं गुळगुळीत. सापडला, असं मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारी बसलेल्या आमच्या फोटोग्राफरचा चहा सांडला. त्यानं शर्ट पुसत पुसत मला गप्प केलं. आजकालचे फोन स्वतःच चेहरे गुळगुळीत करतात, म्हणाला, एवढ्यावर कुणाला खोटं ठरवू नको. राग आला, पण बोलणं खरं होतं.

मग दाबणीच्या खुणा बघितल्या. फोटो साठवताना त्याचे बारीक चौकोन पाडून ते दाबले जातात आणि त्या चौकोनांची जाळी फोटोभर एकसारखी बसते. दुसऱ्या फोटोतला तुकडा आणून लावला की त्याची जुनी जाळी सहसा या जाळीशी जुळत नाही, दोन चादरींचे तुकडे जोडल्यावर पट्टे हुकतात तशी. आमच्या सॉफ्टवेअरनं दाखवलं, बाजेभोवतीच्या तुकड्याची जाळी सरकलेली होती. आता फोटोग्राफरही खुर्ची ओढून जवळ आला. आयला, एवढंच म्हणाला.

एक गोष्ट बघायची राहिली होती. फोन फोटो काढतो तेव्हा फाईलच्या आत त्याच फोटोची नखाएवढी प्रतही ठेवतो. काही अॅपमध्ये मोठा फोटो बदलला तरी ही प्रत जुनीच राहते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला असता तर तीही गळून गेली असती. पण आम्ही डॉक्युमेंट मागितलं आणि खरेपणा दाखवायच्या घाईत नागरिकानं तेच पाठवलं.

मी ती प्रत उघडली. तोच धूर, तेच गेट. पण बाज नव्हती. बाजेच्या जागी गेट उघडं होतं आणि एक माणूस दोन्ही हातांनी गेटाचं दार धरून उभा होता. चेहरा दिसत नव्हता. खाकी शर्ट आणि डोक्याला बांधलेला पांढरा पंचा तेवढा कळत होता. बाज नेमकी त्याच्यावर चिकटवली होती. साहेबांनी चष्मा काढून ती प्रत जवळून पाहिली. मग त्यांनी पान थांबवलं, पोलिसांना फोन लावला आणि मूळ फाईल तपासाला द्यायची तयारी दाखवली. नागरिकाचा नंबर तोवर बंद झाला होता.

खाकी शर्ट घालणारे शंभर असतील, म्हणून वॉचमनला ठेवलं होतं त्या सिव्हिल हॉस्पिटलात मी तशीच गेले. म्हातारा करमाळ्याकडचा. पांढरा पंचा उशाशी होता, काजळी धरलेला. दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधल्या होत्या. कसं भाजलं, मी विचारलं. गेट लोखंडी, लई तापलं होतं, पण सोडलं असतं तर मिटलं असतं, असं त्यानं सावकाश सांगितलं. पोरं आत होती की, म्हणाला.

मग माझ्याकडं बघायचं टाळत त्यानं विचारलं, “ताई, लोकं म्हणत्यात फोटू हाय. त्यात मी झोपलेलो हाय का?”

मी ती नखाएवढी प्रत उघडून मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याला हातात घेता येत नव्हता.

“न्हाय बाबा,” मी त्याच्याच बोलीत म्हटलं, “तुमी उभे हाय.”