दुवा देणेबाबत

आमचा पालेभाज्यांचा ब्लॉग दोघांचा होता. मार्केट यार्डातून जुड्या मी आणायच्या, रांधायचं बायकोने, आणि ती सांगेल ते टाइप पुन्हा मी करायचं. ती गेल्यावर मी नवं काही लिहिलं नाही. वाचक आटले. ब्लॉग शोधूनही सापडेना, तेव्हा मात्र मुलीला फोन केला, कारण बायकोचं बोलणं तेवढंच उरलं होतं.

मुलगी वारज्याला राहते आणि वेबसाइटचंच काम करते. ती म्हणाली, "बाबा, ब्लॉगचं नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा, आपली साइट वगळून. कुणी नुसतं नाव घेतलं असेल, पण त्यावर क्लिक होत नसेल, तर त्यांना लिहा. आधी आभार, मग त्यांचं वाक्य, मग आपल्या पानाचा पत्ता. गोड लिहा. अशा दुव्यांनी, म्हणजे लिंकनी, ब्लॉग शोधात वर येईलच असं नाही, पण वाचक तरी येतील."

आठवडाभर कर्वेनगरच्या घरात बसून पानं चाळली. सात ठिकाणी नाव सापडलं. पाच ठिकाणी पत्र पाठवायला पत्ताच दिलेला नव्हता. सहाव्याने उत्तर दिलं नाही. सातवी एक गृहिणी होती. तिने लिहिलं होतं, "या ब्लॉगवरच्या काकूंनी सांगितलं तसं बेसन आधी ताकात कालवलं, आणि माझ्या चाकवताचं ताक पहिल्यांदाच फुटलं नाही." मी ते चार वेळा वाचलं. घराबाहेरचं कुणीतरी माझ्या बायकोला काकू म्हणून ओळखत होतं!

आता गोड लिहायचं म्हणजे काय? सगळा जन्म सरकारी कचेरीत टिपणं लिहिण्यात गेला. लाडीगोडीची मला चीडच. मी लिहिलं: "महोदया, विषय: दुवा देणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण आमच्या ब्लॉगचा उल्लेख दुव्याविना केला आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." वाचून समाधान वाटलं. काना-मात्रा तपासून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. "सर, माफ करा. परवानगी घ्यायला हवी होती. लेख पूर्ण काढून टाकला आहे. कृपया तक्रार करू नका."

मुलीने माझं पत्र वाचलं. "बाबा, ही नोटीस आहे."

मग मी खरंच गोड लिहिलं. अहो ताई, मला फक्त आभार मानायचे होते, त्या काकू माझी बायको, लेख परत लावाल का? तिलाही वाईट वाटलं. पण प्रत ठेवली नव्हती, आणि वाक्य नक्की कसं होतं ते तिला आठवत नव्हतं. मुलीने इंटरनेटवरच्या जुन्या पानांच्या साठ्यातही पाहिलं. नाही मिळालं.

मला पाठ आहे. मी त्या गृहिणीला ते कळवलं. तिने लेख पुन्हा लिहिला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. मी सांगून लिहवून घेतलं तर ते माझंच झालं. आता शोधलं की सहाच ठिकाणं निघतात. काकू म्हणणारं त्यांत एकही नाही.