देवतळे सरांचा घंटेचा आकार

विश्वनाथ देवतळे मूळचे वर्ध्याकडचे. चंदीगडच्या एका कॉलेजात त्यांनी संख्याशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर तेच संख्याशास्त्र सेक्टर अडतीसमधल्या घरी, जेवणाच्या टेबलावर आणलं. इतकी वर्षं पंजाबी मुलांत काढूनही त्यांची वर्‍हाडी काही गेली नाही. उलट तिच्यावर हिंदीचा एक थर चढला. वर्गात कुणी चुकलं की ते चष्मा कपाळावर सारत, दोन श्वास थांबत आणि 'पोरा'ऐवजी पंजाबी 'काके' घालून म्हणत, "ओ काके, ये क्या करून राहिला तू?" पोरं खाली रस्त्यावर जाऊन या वाक्याची नक्कल करत. सगळ्यांना ती जमे, फक्त मधले दोन श्वास कुणाला धरता येत नसत.

शिकवणीला येणारे बहुतेक रीअपिअरवाले, म्हणजे एखाद्या विषयात गटांगळी खाऊन तोच पेपर पुन्हा देणारे. गेल्या उन्हाळ्यात त्यांत शार्दूल निंबाळकर होता. वडील फौजेत कर्नल, आई नेत्रा पुण्याची. शार्दूलला मराठी सगळी कळायची, पण तोंडातून उत्तर हिंदीतच यायचं. बी.कॉम.चे बाकीचे सगळे पेपर सुटले होते. संख्याशास्त्र मात्र दोनदा अडलं होतं आणि ही शेवटची संधी होती. यात पास झाला तर डिग्री, नाहीतर आधीची सगळी वर्षं पाण्यात.

पेपरात एक प्रश्न हमखास येई. लोकसंख्या नॉर्मल आहे, सरासरी अमुक, प्रमाण विचलन तमुक, इतक्यांचा नमुना घेतला, तर नमुन्याची सरासरी या दोन आकड्यांमध्ये पडण्याची संभाव्यता किती? दहा गुणांचा प्रश्न. शार्दूलसारख्याला त्या दहा गुणांवरच तरायचं होतं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी सरांनी त्याला शेवटचं उदाहरण घातलं. "समज, सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावरून एक बस सुटते. प्रवासाची सरासरी तीनशे मिनिटं, विचलन वीस. सोळा फेर्‍या घेतल्या. त्यांची सरासरी दोनशे पंच्याण्णव ते तीनशे दहा यांच्यात असण्याची संभाव्यता सांग."

शार्दूलने वीसला सोळाच्या वर्गमुळाने, म्हणजे चारने भागलं. पाच. इथेच निम्मी पोरं घसरतात, एका बसचं विचलन सोळा बसच्या सरासरीला लावून मोकळी होतात. तो घसरला नाही. मग त्याने दोन्ही झेड काढले, म्हणजे दोन्ही टोकं सरासरीपासून किती पाचांवर आहेत ते: उणे एक आणि दोन. तक्त्यातून आकडे उचलले, मोठ्यातून छोटा वजा केला आणि उत्तर लिहिलं, ०.१३५९.

चष्मा कपाळावर गेला. दोन श्वास.

"ओ काके. काहून वजा केलं?"

"सर, वीडियोवाले भैया तो हमेशा घटाते हैं."

"त्या भैयाचा तक्ता डाव्या टोकापासून मोजते. उद्या हॉलमध्ये वाटतील तो मधून, शून्यापासून मोजते. आधा तक्ता हाय तो." सरांनी कागदावर घंटेसारखा बाक काढला, मधोमध रेघ मारली. "एक तुकडा इकडं, दुसरा तिकडं. पॉइंट चौतीस तेरा अन् पॉइंट सत्तेचाळीस बहात्तर. जोड."

"पॉइंट एट वन एट फाइव."

"हां. सोळा फेर्‍यांची सरासरी मधल्या आकड्याला धरूनच राहते, बाप्पा. अन् तू म्हणतो शंभरातून चौदाच वेळा?"

एवढ्यात त्याला न्यायला आलेल्या नेत्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजात कँटोन्मेंटच्या चहापार्ट्यांची इस्त्री होती. "सर, प्लीज, आता समजावणं नको. त्याला एकच सांगा ना, बेरीज की वजाबाकी? तेवढं तो पक्कं लक्षात ठेवेल."

खाली दुसरी बॅच हॉर्न वाजवत होती. सरांनी घड्याळ पाहिलं. गेल्या कित्येक पेपरांत सरासरी विचारलेल्या दोन आकड्यांच्या मध्येच पडली होती, म्हणजे बेरीजच.

"आधा तक्ता, तर जोड," सर म्हणाले. "झालं?"

"पक्का," शार्दूल म्हणाला आणि निघाला.

सकाळी त्यांच्या बायकोने, सरलाकाकूंनी, चहा पुढ्यात ठेवला, तेव्हा सर वर्तमानपत्राच्या कडेला घंटा काढत होते. ती सवयच होती. पण या वेळी दोन्ही उभ्या रेघा चुकून उजवीकडेच पडल्या. सरांनी त्या बघितल्या आणि पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही एकाच बाजूला आले तर पोरगं जोडून बसते."

"मग उत्तर चुकेल. त्याला दिसेलच की."

"नाही दिसणार ना. एकाहून मोठं आलं असतं तर दिसलं असतं. हे आपलं पॉइंट साठ, पॉइंट सत्तर, चांगलं घरंदाज उत्तर येते."

त्यांनी फोन लावला. नेत्राबाईंनी उचलला. शार्दूलचा फोन घरीच होता, तो वडिलांबरोबर सेंटरवर गेला होता. "सर, काही प्रॉब्लेम?" "नाही नाही, आशीर्वाद द्यायचा राहिला," सर म्हणाले आणि स्कूटरची किल्ली शोधू लागले.

सेंटरच्या फाटकासमोर पोरं गाड्यांना टेकून पाठांतर करत होती. शार्दूल ओठ हलवत उभा होता. सर जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, "आधा तो जोड़, आधा तो जोड़."

"ते विसर," सर म्हणाले.

"सर?" शार्दूलचा चेहरा उतरला. "अभी? अंदर जाना है यार… सॉरी, सर."

शेजारी एक पांढरी गाडी धुळीने मळलेली उभी होती. सरांनी तिच्या बॉनेटवर बोटाने घंटा काढली, मधली रेघ मारली, मग उजवीकडेच दोन रेघा ओढल्या. "या दोघांच्या मधलं पाहिजे. तक्ता मधल्या रेघेपासून मोजते. काय करशील?"

शार्दूलने बोट एका रेघेवरून दुसरीवर नेलं. कर्नलसाहेबांनी घड्याळ बघितलं. फाटक उघडलं, पोरं आत सरकू लागली.

"दूरवाले में से पासवाला घटाऊँगा," शार्दूल हळू म्हणाला.

"काहून?"

"बीच से पासवाले तक का हिस्सा मुझे चाहिए ही नहीं."

"अन् मधली रेघ दोघांच्या मध्ये आली तर?"

"तब दोनों तुकड़े चाहिए. जोड़ूँगा."

"जा. पहिले घंटा काढ, मग तक्ता उघड."

कर्नलसाहेब म्हणाले, "सर, हे काल सांगितलं असतं तर?"

"काल सांगायला पाहिजे होतं," सर म्हणाले. गाडीचा मालक येऊन बॉनेटकडे संशयाने बघू लागला, तेव्हा दोघे बाजूला झाले.

पेपर सुटेपर्यंत सर तिथेच थांबले. शार्दूल प्रश्नपत्रिका हातात घेऊन बाहेर आला. सरांनी त्याला काही न विचारता ती घेतली. साखरेच्या पोत्यांचा प्रश्न होता. सरासरी पन्नास किलो, विचलन दोन, पंचवीस पोती, नमुन्याची सरासरी पन्नास पूर्णांक दोन दशांश आणि पन्नास पूर्णांक आठ दशांश यांच्यात. सरांनी उभ्याउभ्या मनात केलं. दोनाला पाचाने भागून शून्य पूर्णांक चार दशांश. झेड अर्धा आणि दोन. दोन्ही उजवीकडे.

"किती आलं?"

"पॉइंट टू एट फाइव सेवन."

सरांच्या मनातलाही आकडा तोच होता. त्यांनी प्रश्नपत्रिकेची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली.

निकाल पावसाळ्यात लागला. पासाला पस्तीस हवे होते, शार्दूलला एकेचाळीस पडले. नेत्राबाई मिठाई घेऊन आल्या आणि आपल्या बहिणीच्या मुलीलाही याच विषयासाठी पाठवते म्हणाल्या. "तिलाही असाच एखादा शॉर्टकट द्या, सर."

"पाठवा तिला," सर म्हणाले. "पण येताना कोरे कागद भरपूर आणायला सांगा. पहिला आठवडा नुसतं चित्रच काढायचं हाय."