तेरावा आठवडा

माझा आवाज असा, की मी इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत शिंकलो तर पलीकडच्या गावात लोक खिडक्या लावून घ्यायचे. नव्वदच्या दशकात आमच्या अपार्टमेंटमधल्या मराठी घरांना फोनची गरजच नव्हती, मी होतो. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. माझ्या तोंडात अख्खं पोतं कोरडं राहिलं असतं.

म्हणूनच टेस्टवर दोन रेघा उमटल्या तेव्हा बायको आधी हसली नाही. बाथरूमच्या दारात उभं राहून तिने मला बजावलं, "हे बघ, बारा आठवडे कुणाला सांगायचं नाही. तुझ्या आईलाही नाही."

"आईला कसं नाही?"

"आईला म्हणजे सगळ्या कॉलनीला. आठव्या आठवड्यात सोनोग्राफी आहे. आधी हार्टबीट दिसू दे. पडलंच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत पडतं. मग सांगितलेल्या प्रत्येकाला ते परत सांगत बसायचं."

मी शपथ घेतली. अशा शपथा मी आयुष्यात दोन-तीन लाख तरी घेतल्या असतील.

सहावा आठवडा लागला, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलं तर. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे पॉटलक होतं, प्रत्येक घरून एकेक पदार्थ. बायकोने बटाटेवड्याच्या वासाने तोंड फिरवलं. कुणीतरी विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तिने "अॅसिडिटी" म्हणायला तोंड उघडलं आणि मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोललो, "अॅसिडिटी कसली, ज्युनियर आहे!"

टाळ्या झाल्या, श्रीखंड आलं. काकूंनी मात्र मला स्वयंपाकघरात ओढलं.

"कितवा आठवडा?"

"सहावा."

"अरे, आमच्याकडे चोरओटीसुद्धा तिसऱ्या महिन्यात, दार लावून भरतात. उगीच नाही. तुला एवढी कसली घाई होती?"

मी हसलो. घरी येऊन भारतात आईला फोनही केला. म्हटलं आता सुटलंच आहे तर पूर्ण सुटू दे. बायको त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि परत स्वतःकडे घेतली. गर्भाची वाढ सहा आठवड्यांएवढीच होती. ठोके नव्हते. "तारखांचा घोटाळा असू शकतो," त्या म्हणाल्या, "एक आठवड्याने पुन्हा बघू." तो आठवडा मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो. बायकोला उलट्या चालूच होत्या, त्यामुळे मला वाटे, सगळं ठीक आहे. नंतर कळलं, गर्भ थांबला तरी हार्मोन्स लगेच उतरत नाहीत; शरीराला बातमी उशिरा पोचते.

दुसऱ्या सोनोग्राफीतही तेच. डॉक्टर म्हणाल्या की बहुतेक वेळा हे गुणसूत्रांमुळे होतं, जड उचलल्याने किंवा वड्याच्या वासाने नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. हे बायकोकडे बघून म्हणाल्या. माझ्याकडे बघून काही म्हणाल्या नाहीत. तीन दिवसांनी क्युरेटिंग झालं.

घरी आल्यावर ती उशीवर डोकं टेकून म्हणाली, "तू सांगितलंस, आता तूच परत सांग. मला कुणाचा फोन नको."

मी यादी केली. पॉटलकला तीस-चाळीस माणसं असतील; मी तेव्हा तीनशे सांगत असे. एकेका घरी फोन लावला. प्रत्येकजण आधी "अभिनंदन" म्हणायचा आणि मग मी सांगायचो. मग आईला सांगितलं. तिने डिंकाचे लाडू त्याआधीच पोस्टात टाकले होते. ते सव्वा महिन्याने आले. डबा मी दाराबाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकला, बायको अंघोळीला गेली असताना.

आणि एक घर राहिलं. पॉटलकमधून लवकर निघून गेलेलं. त्या घरातली बाई बायकोला इंडियन ग्रोसरीत भेटली, भेंडी निवडताना.

"पाचवा ना? दिसत नाही गं अजिबात," असं म्हणून तिने बायकोच्या पोटावर हात ठेवला.

बायकोने मला हे सांगितलं तेव्हा ती भेंडी धूत होती. ओरडली नाही. "एक घर राहिलं तुझं," इतकंच.

दीड वर्ष गेलं. एका रविवारी सकाळी तिने चहाच्या कपाखाली एक काळापांढरा फोटो सरकवला. त्यात डोकं होतं, नाक होतं, हात वर केलेला.

"तेरावा लागला," ती म्हणाली. "आता कुणाला सांगायचं ते सांग."

मी तारखा मोजल्या. या वेळची आठव्या आठवड्याची सोनोग्राफी म्हणजे पाच आठवड्यांपूर्वीचा मंगळवार असणार. त्या दिवशी ती "डेंटिस्टकडे जाऊन येते" म्हणून स्वतः ड्राइव्ह करत गेली होती. मी दात बरा आहे का विचारलंही होतं.

स्क्रीन वळेल की नाही, हे बघत ती त्या खोलीत एकटीच पडून होती. सोबत घ्यावा असा माणूस तिला तेव्हा घरात नव्हता.

मी कुणालाच फोन केला नाही. चहा गार झाला.