तीनशे शब्दांत जगात प्रथमच

निवृत्त झाल्यावर माणसाला मान मिळत नाही, समित्या मिळतात. हॅमिल्टनच्या विद्यापीठात मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. आता दर मार्चमध्ये सार्वजनिक आरोग्याच्या एका परिषदेसाठी आलेले संशोधनांचे गोषवारे तपासते. यंदा माझ्या वाट्याला अठरा आले होते. प्रत्येकाला पाचपैकी गुण द्यायचे: काम नीट केलंय का, त्यातून हाती काय लागलं, त्यात नवं किती. मर्यादा तीनशे शब्द. लेखकांची नावं झाकलेली असतात. उघडा असतो तो फक्त त्यांचा स्वतःबद्दलचा आदर.

अठरापैकी अकरा जणांनी काहीतरी ‘प्रथमच’ केलं होतं. चौघांनी ‘जगात प्रथमच’. माणसाने चाक शोधलं तेव्हाही इतका गाजावाजा झाला नसावा.

सातवा गोषवारा हिवाळ्यात म्हातारी माणसं घसरून पडतात त्याबद्दलचा होता. ‘विद्यार्थी-लेखक, शेवटचं वर्ष’ या चौकटीत खूण होती. म्हणजे व्यासपीठावरून बोलायची संधी मिळाली तर पुढच्या नोकरीच्या अर्जात ती ओळ कामाला येणार. पहिली चार वाक्यं ‘क्रांतिकारी’, ‘अभूतपूर्व’ आणि ‘आजवर कोणीही न हाताळलेल्या’ अशा शब्दांनी फुगलेली होती. थंडी आणि पडणं यांचा संबंध म्हणे आजवर कोणी तपासलाच नव्हता. आमच्यासारख्या बर्फाच्या देशांतले लोक ते कित्येक वर्षं मोजत आलेत. ग्रंथालयात दहा मिनिटं बसलं तरी कळेल.

नावीन्याला एक गुण टाकून मी पुढे जाणार होते, तेवढ्यात शेवटचं वाक्य वाचलं. ॲम्ब्युलन्स कुठे बोलावली त्या जागा आणि बर्फ लोटणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांच्या वेळा त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिल्या होत्या. बसस्टॉप साफ झाल्याची नगरपालिकेच्या नोंदीत खूण होते. त्यानंतर रस्त्यावरून गाडी पुन्हा जाते आणि स्टॉपच्या कडेला बर्फाचा नवा बांध टाकून जाते. म्हातारी माणसं बसमधून उतरताना त्या बांधावर पडत होती, आणि कागदावर तो स्टॉप ‘साफ’ होता. हे मी खरंच कुठे वाचलं नव्हतं. एवढी चांगली गोष्ट त्यांनी तळाशी, जाता जाता सांगितल्यासारखी ठेवली होती.

आणि मग ती आकृती. एक आकृती जोडायची मुभा असते, तिच्यातले शब्द मोजले जात नाहीत. यांच्या आकृतीत एक बाण होता आणि त्याच्याभोवती बारीक अक्षरांत सगळी पद्धत लिहिलेली, चौऱ्याहत्तर शब्द. वेबसाइटच्या मोजणीत दोनशे नव्याण्णव. खरे तीनशे त्र्याहत्तर. आकृतीत मजकूर कोंबला तर गोषवारा बाद, असं नियमावलीत स्पष्ट लिहिलंय.

दुसरा परीक्षक हॅलिफॅक्सचा एक मराठी डॉक्टर होता, म्हाताऱ्यांच्या आजारांचा तज्ज्ञ. समितीतल्या बाकीच्यांना आम्ही नातेवाईक वाटतो. त्याने नावीन्याला पाचपैकी पाच दिले होते, आणि माझा आधी टाकलेला एक अजून तसाच होता. एवढी तफावत असली की परीक्षकांनी बोलून मिटवायचं असतं. मी फोन लावला.

“पाच कशाचे दिलेस रे?”

“ताई, त्यांनीच लिहिलंय ना, फर्स्ट इन द वर्ल्ड.”

“उद्या एखाद्या पेशंटने सांगितलं, मला काही झालेलं नाही, तर घरी पाठवशील?”

“बिझी होतो हो. क्लिनिकच्या मध्ये बसून बारा संपवलेत. बरं, तीन करतो. पण मुद्दा चांगला आहे की नाही?”

“मुद्दा उत्तम आहे. पण आकृती उघडून बघितलीस?”

माउसची टिकटिक ऐकू आली. “अरे बापरे. हा तर निबंध आहे. ताई, सोडून द्या ना. स्टुडंट आहे.”

सोडून देता आलं नाही. त्याच सकाळी मी एका बड्या प्रोफेसरांच्या गटाचा वाटणारा गोषवारा याच कारणावरून बाद केला होता, तेही अवघ्या अकरा शब्दांसाठी. मोठ्यांना लावलेला नियम लहानांना लावायचा नाही, हा न्याय ऐकायला गोड असतो, पण मग नियम कशाला ठेवायचा?

मी एक उद्योग केला. मजकूर वेगळ्या फाइलमध्ये घेतला आणि बढाई मारणारा प्रत्येक शब्द खोडला. आकृतीतली सगळी पद्धत आत घेतली. मोजले तर दोनशे एक्क्याऐंशी. म्हणजे मर्यादा मोडली ती कामामुळे नव्हे, कामाला जागा उरली नव्हती म्हणून.

अध्यक्षांना लिहिलं: दोन दिवस देऊन परत पाठवू या. त्यांचं उत्तर आलं की तशी तरतूद नाही, एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. मात्र उशिराची फेरी आहे, तिथे ते नव्याने पाठवू शकतात. त्या फेरीत भाषणाच्या दोनच जागा असतात. मी बादवर खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं: ‘तुमचं शेवटचं वाक्य पहिलं करा. पहिली चार काढून टाका. पद्धत मजकुरात बसेल.’

तीन आठवड्यांनी उशिराच्या फेरीचे गोषवारे आले आणि बर्फाचा बांध पुन्हा माझ्याच वाट्याला. नाव झाकलेलं असलं तरी ओळखू येणारच. पहिल्याच ओळीत स्टॉप आणि गाडी, पद्धत नीट, ‘प्रथमच’ कुठेच नाही, दोनशे अडुसष्ट शब्द. मी पाच गुण दिले. बऱ्याच दिवसांनी समाधान वाटलं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं.

या खेपेचा दुसरा परीक्षक कोणी अनोळखी होता. त्याने नावीन्याला दोन दिले आणि लिहिलं, ‘यात नवीन काय आहे हे लेखकांनी सांगितलेलं नाही.’ मी उलट लिहिलं, ‘पहिल्या ओळीत सांगितलं आहे.’ त्याने लिहिलं, ‘तसा दावा केलेला दिसत नाही.’ अध्यक्षांनी दोघांची सरासरी काढली, आणि सरासरीने भाषण मिळत नाही. मिळालं पोस्टर, म्हणजे भिंतीवर तक्ता लावून शेजारी उभं राहायचं, तेही शेवटच्या दिवशी. भाषणाच्या दोन जागांपैकी एक हात धुण्याच्या एका ‘क्रांतिकारी प्रारूपाला’ गेली.

परिषदेत मी ते पोस्टर शोधत गेले. वॉशरूमच्या वाटेवर होतं. समोर एक मुलगी एकटीच उभी होती. मी परीक्षक आहे हे सांगायची मुभा नसते, म्हणून येणारी-जाणारी म्हणून थांबले आणि बसस्टॉपबद्दल विचारलं. तिने पोस्टरवरच्या नकाशावर बोटाने रेघा काढत इतकं स्वच्छ समजावलं की मला मधे एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

“हे तर व्यासपीठावर हवं होतं,” मी म्हटलं.

“माझा पहिला मसुदा असाच होता,” ती म्हणाली. “अडीचशे शब्दांचा. सरांनी सगळी मोठी विशेषणं घातली. म्हणाले, परीक्षक वाचत नाहीत, त्यांना सांगावं लागतं. मग तो बाद झाला. शेरा वाचून मला इतका आनंद झाला, सरांना दाखवला, सगळं काढून टाकलं.”

“मग?”

“मग हे.” तिने वॉशरूमच्या दाराकडे हात केला. “सर आता म्हणतात, बघ, मी सांगत होतो ना. पुढच्या गोषवाऱ्यात परत घालायला सांगितलंय.”

“आणि तू घालणार?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

 मी तिच्या पोस्टरवरचा नकाशा पुन्हा वाचायला लागले.