आत्याचा आवाज आणि हार्डडिस्क

माझी आत्या कुरुंद्याला राहायची. हळदीच्या कामावर जायची आणि स्वतः रचलेली भीमगीतं म्हणायची. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. पीएचडीसाठी मी तिची गाणी रेकॉर्ड करू लागले, तेव्हा लॅपटॉप घ्यायला हिंगोलीला गेले.

दुकानदारानं दोन लॅपटॉप पुढ्यात ठेवले. "ताई, किंमत बराबर सारखीच. ह्याच्यात एक टीबीची हार्डडिस्क, त्याच्यात दोनशे छप्पन्न जीबीची एसएसडी."

"म्हणजे जागा चौपट कमी?"

"व्हय. पण एसएसडीवाला झटक्यात सुरू होतो. हार्डडिस्कमधी तबकडी फिरते, चालू असताना धक्का बसला की कामातून जाते. एसएसडीत फिरणारं काहीच न्हाई. गाडीवर फिरणार असाल तर हाच न्या."

मला जागा हवी होती. मी हार्डडिस्कवाला घेतला.

तो सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घ्यायचा. आत्या वाट बघून कंटाळायची, "काहून इतका येळ लावून राहिलं गं हे?" म्हणून मी तो बंदच करेनाशी झाले. झाकण मिटलं तरी चालू राहील अशी सेटिंग केली आणि तसाच बॅगेत टाकायचे.

त्या दुपारी आत्या दोन तास गायली. फोन भरला होता. आधीची आणि त्या दिवशीची सगळी रेकॉर्डिंगं लॅपटॉपवर घेऊन मी फोनमधून पुसून टाकली. शेवटची बस चुकू नये म्हणून भावानं, म्हणजे आत्याच्या मुलानं, मला मोटारसायकलवर वसमतला सोडलं. लॅपटॉप चालूच होता. रस्ता खोदून ठेवलेला. एका खड्ड्यात बॅग मांडीवरून उडून रस्त्यावर आदळली.

घरी आल्यावर लॅपटॉपमधून टक्-टक्, टक्-टक् असा आवाज येत होता. पडदा काळाच.

महिनाभरानं आत्या गेली. हृदयविकाराचा झटका. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "आक्का, मायचं गाणं लाव जरा."

मी त्याला सगळं खरं सांगितलं नाही. "दुरुस्तीला दिलाय," एवढंच म्हटलं. डिस्क त्याआधीच, बिघडलेल्या डिस्कमधून फाइली काढून देणाऱ्यांकडे पुण्याला पाठवली होती. नंतर तिथून फोन आला: वाचणारं टोक तबकडीवर घासलंय, पृष्ठभाग खरवडलाय, काही निघणार नाही.

मग कुरुंद्याला जाऊन सांगावंच लागलं. "खड्डा मला दिसला होता," भाऊ म्हणाला. "बस चुकंल म्हणून गाडी हळू केली न्हाई."

मी म्हटलं, चूक माझी आहे. दुसरी प्रत ठेवायला हवी होती. एसएसडी असती तर धक्क्यानं बहुतेक वाचली असती, पण तीही कधी काही न सांगता बंद पडते. त्यानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

आत्यासोबत कामाला जाणाऱ्या बायांना मी गाणी विचारली. त्यांना धृपदं आठवली. कडवी एकीलाही पुरी येत नव्हती.